भावाचे पैसे, ताईचा धंदा

आखातात नोकरी करणारे कोकणातले भाऊ घरी पैसे पाठवतात, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांतून मनीऑर्डरी येत, आता शारजा, मस्कत, कुवेतहून बँकेत रक्कम जमा होते. घरखर्च, आजारपण, लग्न, घराची डागडुजी ही या पैशांची ठरलेली ठिकाणं. पण चाळिशी ओलांडलेल्या भावाच्या मनात कधीतरी वेगळा विचार येतो: गावातल्या बहिणीच्या हाताला चव आहे, दारात रातांब्याची झाडं आहेत, थोडं भांडवल दिलं तर तिचा स्वतःचा धंदा उभा राहील. मग तो तिला लिहितो, "ताई, तू कोकम सरबताचा धंदा सुरू कर, पैशांची काळजी करू नकोस."

हे वाक्य मनापासून लिहिलेलं असतं, आणि पुढची बहुतेक भांडणं याच वाक्यातून उगवतात. पैसे किती, ते परत करायचे का, केले तर कधी, धंदा कोणाच्या नावावर, तोटा झाला तर कोणाचा, यातलं काहीच त्यात नसतं. हे सगळं ज्यात आहे असं पत्र कसं दिसेल, ते या लेखात एका नमुन्यावरून पाहू. भाऊ शारजात इलेक्ट्रिशियन, वय एक्केचाळीस. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, सासर कुडाळ तालुक्यातल्या एका गावात. ही दोघं आणि त्यांचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा वाचकांनी हिशेबाची रीत घ्यावी आणि आकडे आपले घालावेत.

आधी भावाची पिशवी

पत्र लिहिण्याआधी भावाने स्वतःपुरता एक हिशेब करायला हवा, आणि तो ताईला सांगायलाही हवा. आखातातली नोकरी कंत्राटाची असते आणि राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की काही काळात दुसरी शोधावी लागते, नाहीतर परतावं लागतं. परदेशी कामगाराला तिथे सरकारी पेन्शन नसते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना सेवेबद्दल एकरकमी रक्कम मिळते. ती पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांच्या आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी तीस दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. इथे मूळ पगार म्हणजे भत्ते वगळून उरलेला पगार, आणि तो पुष्कळदा हातात पडणाऱ्या रकमेहून बराच कमी असतो.

म्हणून आपल्या भावाच्या नावावर बावीस लाख रुपये साठलेले दिसत असले तरी ते सगळे मोकळे नाहीत. त्यातच त्याचं म्हातारपण आहे, मुलांचं शिक्षण आहे, नोकरी सुटली तर घर चालवायला लागणारे सहा-आठ महिन्यांचे पैसे आहेत. हे बाजूला काढल्यावर त्याने स्वतःला विचारायचं: कोणती रक्कम कधीच परत आली नाही, तरी माझं घर डगमगणार नाही? आपल्या नमुन्यातल्या भावाचं उत्तर आहे अडीच लाख. धंद्याची मोठाई या आकड्यावरून ठरते. पुष्कळ जण उलट करतात. आधी यंत्राची किंमत विचारतात, मग तेवढे पैसे गोळा करतात, आणि यंत्र आल्यावर माल घ्यायला पैसा उरत नाही.

भेट, कर्ज की भागी

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य इथे येतं. भावाने दिलेला पैसा तीनपैकी एका प्रकारचा असू शकतो, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

भेट हा सर्वांत सोपा मार्ग. प्राप्तिकराच्या कायद्यात भाऊ आणि बहीण एकमेकांचे नातेवाईक धरले जातात, आणि नातेवाईकाकडून मिळालेल्या भेटीवर, रक्कम कितीही असो, घेणाऱ्याला कर लागत नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशातून उत्पन्न झालं तर ते नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. बहिणीच्या बाबतीत तसं होत नाही. भावाच्या भेटीतून ताईने धंदा केला, तर त्यातलं उत्पन्न ताईचं, त्यावर कर बसलाच तर तो ताईच्या उत्पन्नाप्रमाणे. पैसे मात्र बँकेतूनच यायला हवेत. भावाच्या एनआरई खात्यातून ताईच्या खात्यात थेट जमा झाले की कोणी, कधी, किती दिले याचा पुरावा आपोआप तयार होतो. सोबत "ही रक्कम मी बहिणीला भेट म्हणून दिली" असं दोन ओळींचं सही केलेलं पत्र असावं. गावी निघालेल्या मित्राच्या हाती रोख पाठवली किंवा हुंडीने पाठवली, तर हा पुरावा राहत नाही, आणि हुंडी तर बेकायदाच आहे.

कर्ज दिसायला सोपं, पण नियमांनी जड. परदेशी राहणाऱ्या भारतीयाने इथल्या माणसाला दिलेल्या कर्जाला परकीय चलनाचा कायदा लागतो. मुदत, व्याज, परतफेड कोणत्या खात्यात जमा व्हायची, यांवर अटी असतात, आणि त्या आपल्या बँकेत आधी विचारून घ्याव्या लागतात. व्याज ठरवलं तर आणखी एक काम वाढतं: परदेशी राहणाऱ्याला व्याज देताना ताईने त्यातून कर कापून सरकारात भरायचा असतो. अडीच लाखांच्या धंद्यात ही कटकट परवडत नाही. रोखीने कर्ज देणं तर टाळायलाच हवं, कारण वीस हजार आणि त्यावरचं कर्ज रोखीने घ्यायला प्राप्तिकराच्या कायद्यात मनाई आहे.

तिसरा मार्ग भागीचा. परदेशी राहणारा भारतीय इथल्या भागीदारी पेढीत भांडवल घालू शकतो. पेढी शेती, मळे, जमीन-घरांची खरेदी-विक्री किंवा छापील वृत्तपत्रांच्या धंद्यात मात्र नसावी. फळापासून सरबत करणं ही प्रक्रिया आहे, त्यामुळे ते चालतं. पण अशी गुंतवणूक साधारणपणे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर होते आणि परतावा एनआरओ खात्यात जमा होतो. त्याहून मोठ्या दोन गोष्टी आहेत. भागीदारी पेढीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून तीस टक्के दराने कर लागतो, तर ताईच्या एकटीच्या धंद्याला तिच्या उत्पन्नाचे टप्पे लागू होतात. आणि पेढीच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार आपल्या खासगी मालमत्तेसह जबाबदार असतो. शारजात बसलेल्या भावाने, जिथे रोज लक्ष घालता येत नाही तिथे, अशी जबाबदारी घेऊ नये.

म्हणून एवढ्या लहान धंद्याला माझं मत स्पष्टपणे भेटीच्या बाजूने आहे. धंदा ताईच्या एकटीच्या मालकीचा, रक्कम भेट. पण भेट म्हटल्यावर ती भेटच राहायला हवी. दिवाळीत सुटीवर आल्यावर "माझे पैसे कुठवर आले?" असं विचारायचं असेल, तर तो शब्द पत्रात लिहू नये. दोन हंगामांनंतर धंदा वाढवायला मोठी रक्कम लागली, तर तेव्हा कर्ज किंवा भागी यांचा विचार वेगळ्या कागदावर करावा.

हजार बाटल्यांचा हिशेब

आता धंद्याकडे. रातांबे एप्रिलपासून पिकायला लागतात आणि मेअखेर किंवा पहिल्या पावसापर्यंत मिळतात. म्हणजे वर्षाचा सगळा माल दीड-दोन महिन्यांत करायचा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे नावाला किंमत आहे. पण नाव मिळालं म्हणून हिशेब बदलत नाही.

सरबताच्या पाकाची म्हणजे अमृत कोकमाची रीत घरोघरी माहीत आहे. रातांबे धुऊन कापायचे, बिया आणि गर काढायचा. फळाच्या वजनात साल साधारण निम्मी भरते. एक भाग साल आणि दोन भाग साखर असे थर पिंपात लावायचे आणि रोज ढवळायचं. आठवडाभरात सालीतला रस साखरेत उतरतो, मग गाळून बाटल्या भरायच्या. फळ आंबट असल्यामुळे लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम वापरायचं नाही, खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिकचं पिंप किंवा स्टील चालतं.

आपण हजार बाटल्या धरू, प्रत्येकी ७०० मिली. त्याला चारशे किलो साल लागेल असा अंदाज आहे, म्हणजे आठशे किलो रातांबे. रातांबे तीस रुपये किलो धरले तर चोवीस हजार. आठशे किलो साखर पंचेचाळीस रुपयांनी छत्तीस हजार. बाटली, झाकण आणि लेबल मिळून बावीस रुपये, म्हणजे बावीस हजार. कापायला, भरायला, बाटल्या धुवायला गावातल्या बायका बोलवाव्या लागतील. दिवसाला चारशे रुपयांप्रमाणे चाळीस रोज म्हणजे सोळा हजार. वाहतूक, वीज आणि किरकोळ मिळून बारा हजार. एकूण एक लाख दहा हजार. बाटलीला एकशे दहा रुपये पडले.

बाटलीवर छापील किंमत एकशे ऐंशी ठेवली, तर सत्तर रुपये सुटतात असं वाटेल. तसं होत नाही. दुकानदार आपला भाग घेतो. पंचवीस टक्के धरले तर ताईच्या हाती एकशे पस्तीस येतात. सगळ्या हजार बाटल्या दुकानांतून गेल्या तर एक लाख पस्तीस हजार जमा होतील. उत्पादनाचा खर्च आणि पोचवण्याचे साडेसात हजार वजा केले की साडेसतरा हजार उरतात. आता ताईच्या कामाचे दिवस मोजा. हंगाम, विक्री आणि हिशेब मिळून पंचाहत्तर दिवस धरले आणि तिलाही चारशेच रुपये रोज लावला, तर तिची मजुरी तीस हजार होते. म्हणजे धंदा तोट्यात आहे, आणि तो तोटा ताई आपल्या कष्टांतून गुपचूप भरते आहे. घरच्या बाईची मजुरी हिशेबात न धरल्यामुळे असे पुष्कळ धंदे फायद्यातले दिसतात. भावाच्या पत्रात ताईचा रोज स्वतंत्र ओळीत लिहिलेला असावा, आणि तो तिने दर महिन्याला धंद्यातून उचलावा.

अर्ध्या बाटल्या थेट गिऱ्हाइकाला विकल्या की चित्र बदलतं. पाचशे बाटल्या एकशे ऐंशीने नव्वद हजार, पाचशे दुकानांतून साडेसदुसष्ट हजार. एकूण एक लाख सत्तावन्न हजार पाचशे. सगळा खर्च आणि ताईचे तीस हजार वजा जाता दहा हजार उरतात. म्हणजे या धंद्याचं जगणं थेट विक्रीवर आहे. भावाने यंत्राची चौकशी करण्याआधी ताईला विचारायला हवं, "पाचशे बाटल्या घेणारी माणसं कोण? नावं सांग."

यंत्राबद्दलही हाच हिशेब सांगतो. पल्पर किंवा बाटल्या भरायचं स्वयंचलित यंत्र वर्षातले दीड-दोन महिने चालेल आणि बाकीचा काळ झाकून ठेवावं लागेल. हजार-दोन हजार बाटल्यांना त्याची गरज नाही. पैसा घालायचा तर घरामागच्या मांगराला लादी, जाळी आणि मोरी करण्यात (पंचेचाळीस हजार), पिंपं आणि स्टीलच्या भांड्यांत (पंचवीस हजार), वजनकाटा, झाकणं लावायचं हातयंत्र आणि साखरेचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर यांत (बारा हजार), आणि नोंदणी व तपासणीत (आठ हजार). एकूण नव्वद हजार. हंगामाचे एक लाख दहा हजार धरून दोन लाख झाले. उरलेले पन्नास हजार हात न लावता ठेवायचे. दुसऱ्या वर्षी दोन हजार बाटल्या करायच्या झाल्या तर सामान तेच पुरेल, पण मालाचा खर्च दुप्पट होईल. तो आदल्या वर्षीच्या विक्रीतून आणि या शिलकीतून निघायला हवा.

पैसा बाटल्यांत अडकतो तो काळ

सरबत मे महिन्यात तयार होतं आणि सरबताची खरी मागणी मार्च ते मे असते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की विक्री मंदावते. म्हणजे ताईचे एक लाख दहा हजार बाटल्यांच्या रूपात मांगरात उभे राहतात. गणपतीला चाकरमानी येतात आणि परतताना दोन-चार बाटल्या मुंबईला नेतात, तेव्हा अडीचशे जातील. दिवाळी ते नाताळ पर्यटक येतात, तेव्हा आणखी अडीचशे. उरलेल्या पाचशे पुढच्या फेब्रुवारीनंतर. पूर्ण पैसा हाती यायला जवळजवळ वर्ष लागतं.

हे भावाला पगाराच्या सवयीने लक्षात येत नाही, कारण त्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात. म्हणून तो ऑगस्टमध्ये फोन करून विचारतो, "किती सुटले?", आणि ताई संकोचते. हा संकोच पत्रानेच काढायला हवा: हिशेब वर्षातून दोनदा, एक गणपतीनंतर आणि एक पुढच्या मे महिन्यात. मधल्या काळात पैशांची विचारणा नाही.

माल बिघडतो कसा, हेही भावाला माहीत असावं, नाहीतर नुकसान झालं की तो ताईच्या निष्काळजीपणावर खापर फोडेल. मुख्य धोका आंबण्याचा. पाकात विरघळलेल्या घन पदार्थांचं, म्हणजे मुख्यतः साखरेचं, प्रमाण पासष्ट टक्क्यांखाली गेलं, बाटली आतून ओली राहिली किंवा पावसात भिजलेली फळं वापरली, तर पाकाला बुडबुडे येतात, झाकण फुगतं, उघडताना फस्स आवाज येतो आणि वास दारूसारखा लागतो. असा माल विकायचा नाही. शंभर बाटल्या आंबल्या तर दुकानाच्या भावाने साडेतेरा हजार गेले, म्हणजे वरचा दहा हजारांचा फायदा पुसला गेला. प्रत्येक पिंपातून थेंबभर पाक रिफ्रॅक्टोमीटरवर पाहायला मिनिटही लागत नाही. उन्हात ठेवलेल्या बाटल्यांचा लाल रंग तपकिरी पडतो, म्हणून त्या अंधाऱ्या, गार जागी ठेवाव्यात. रंग उतरला म्हणून बाहेरचा रंग घालू नये, कारण ताईच्या मालाची ओळखच त्या नैसर्गिक रंगात आहे.

विक्रीआधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते. ती ऑनलाइन होते आणि लहान उत्पादकासाठी फी थोडी असते. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, वजन किंवा माप, तुकडीचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, किती काळ वापरावं, किंमत, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण हवी. केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी पस्तीस टक्के अनुदानाची योजना आणली, पण ते अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं. निव्वळ भावाच्या पैशावर ते मिळत नाही. अशा कोणत्याही योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात जरूर करावी, पण मिळेल ते अनुदान आधीच हिशेबात धरू नये.

सासरचं घर आणि माहेरचा हक्क

दोन गोष्टी पत्रात लिहायला भाऊ कचरतो, आणि त्याच सर्वांत आधी लिहायला हव्यात.

पहिली, धंदा ज्या जागेत होणार ती ताईच्या नावावर नसते. मांगर सासऱ्यांच्या नावे, वीजमीटर भावोजींच्या नावे. मांगराला लावलेली लादी जागेबरोबरच राहते, पण पिंपं, काटा, यंत्र हे ताईचं असायला हवं, आणि त्यांची बिलं तिच्या नावाने घ्यायला हवीत. जागा वापरू देण्याबद्दल सासऱ्यांची दोन ओळींची लेखी संमती घ्यावी. बँकेचं खातं ताईच्या एकटीच्या नावाचं आणि फक्त धंद्यासाठी असावं. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळले की दोन महिन्यांत धंद्याचे कुठले आणि किराण्याचे कुठले, हे कळेनासं होतं.

दुसरी गोष्ट माहेरच्या जमिनीची. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्माने हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असणं त्यासाठी आवश्यक नाही. तरीही पुष्कळ घरांत बहिणीला काही पैसे देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. धंद्याच्या भांडवलामागून असा कागद आला, तर ताईला ती मदत नव्हती, मोबदला होता, असंच वाटणार. म्हणून भावाने आपल्या पत्रात स्पष्ट लिहावं की या रकमेचा आणि माहेरच्या जमिनीचा काहीही संबंध नाही. हे एक वाक्य लिहिणारा भाऊ ताईला अडीच लाखांहून जास्त काही देतो, कारण त्याने तिला हिशेब निर्धास्तपणे मांडायची मोकळीक दिलेली असते.

तर पत्र असं असावं

वर आलेलं सगळं एका पत्रात बसतं. ते असं:

"ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

बोलायचं होतं ते फोनवर नीट जमत नाही म्हणून लिहितो. तुझ्या हातचं कोकम सरबत इथे खोलीतल्या सगळ्यांना आवडतं हे तुला माहीत आहे. तू ते धंदा म्हणून करावंस असं मला वाटतं. तुला नको असेल तर नको म्हण, मला वाईट वाटणार नाही.

माझ्या साठवणीतून मी अडीच लाख रुपये देऊ शकतो. त्याहून जास्त देणं आज मला शक्य नाही, कारण नोकरी कधी सुटेल ते सांगता येत नाही आणि मुलांचं शिक्षण बाकी आहे. हे पैसे भेट आहेत, कर्ज नाही. ते बुडाले तरी मी मागणार नाही. माहेरच्या जमिनीत तुझा जो हक्क आहे त्याच्याशी या पैशांचा संबंध नाही, आणि त्यासाठी मी कधी सही मागणार नाही.

धंदा तुझ्या एकटीच्या नावावर असू दे. बँकेत त्यासाठी वेगळं खातं काढ, मी त्यात थेट पाठवीन. मांगर वापरण्याबद्दल मामंजींची लेखी संमती घे. भावोजींशीही आधी बोलून घे. त्यांचं मन नसेल तर आपण थांबू.

यंदाच्या मोसमात आधी वीस किलो रातांब्यांची परीक्षा करून बघ. दहा किलो साल आणि वीस किलो साखर. साधारण पंचवीस बाटल्या भरतात का ते मोज आणि खर्च वहीत लिही. त्या बाटल्या फुकट वाटू नकोस, पैसे घेऊन वीक. कोण दुसऱ्यांदा मागतं ते बघ. जमतंय असं वाटलं तर पुढच्या मोसमाआधी, फेब्रुवारीत, नव्वद हजार मांगराला आणि सामानाला पाठवीन, आणि मार्चअखेर एक लाख दहा हजार मालाला. पन्नास हजार तुझ्या खात्यात शिल्लक राहू देत.

तुझ्या कामाचे दिवस मोज आणि तुझा रोज दर महिन्याला उचल. तो उचलून काही उरलं तरच फायदा झाला असं मी समजेन.

हिशेब मला वर्षातून दोनदा दाखव, गणपतीनंतर आणि मे महिन्यात. दोन मोसम करून बघू. दोन्ही वेळा तुझा रोज सुटला नाही, तर धंदा बंद करू, सामान विकू, आलेले पैसे तुझे. सुटला, तर वाढवायचं कसं ते तेव्हा ठरवू आणि वेगळं लिहून काढू.

तुझं उत्तर आणि तुझे आकडे कळव. माझे चुकले असतील, बाजार तुला जास्त माहीत आहे.

तुझा भाऊ"

ताईचं उत्तर

या पत्राला "बरं, करते" एवढंच उत्तर येत असेल, तर भावाने पैसे पाठवू नयेत. ताईच्या उत्तरात तीन गोष्टी असायला हव्यात: तिच्या गावातला रातांब्यांचा आणि साखरेचा भाव, थेट माल घेणाऱ्या माणसांची किंवा दुकानांची निदान वीस नावं, आणि तिला वर्षात खरोखर किती दिवस देता येतील याचा आकडा. घरात म्हातारी सासू असेल, दहावीतलं मूल असेल, तर एप्रिल-मे हेच तिचे सर्वांत अडचणीचे महिने असू शकतात. भावाच्या अडीच लाखांपेक्षा धंदा ठरवणारी ही माहिती आहे, आणि ती फक्त ताईकडे असते.

नाही म्हणण्याचा तिचा अधिकारही खरा असला पाहिजे. आधारासाठी माहेरावर अवलंबून असलेली बहीण भावाच्या प्रस्तावाला तोंडावर नकार देत नाही, ती गप्प बसते. महिनाभर उत्तर आलं नाही, की तो नकार समजून विषय सोडून द्यावा. तिला शिलाईचं काम, घरगुती खानावळ किंवा काहीच नको असंही वाटू शकतं. धंदा तिचा असेल तर तो निवडण्याची सुरुवातही तिच्याकडूनच झालेली बरी. कोकम सुचवण्याआधी भावाने "तुला काय करायला आवडेल?" हे एकदा विचारलेलं असावं.

परदेशातून बहिणीला धंद्यासाठी पैसे पाठवू इच्छिणाऱ्या प्रत्येक भावाला एवढंच सांगणं आहे: पैसे पाठवण्याआधी रक्कम, तिचा प्रकार, हिशेबाच्या तारखा आणि थांबायची अट या चार गोष्टी लिहून काढा आणि बहिणीचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. आणि बहिणींनी, भाऊ कितीही मायेने बोलला तरी, हे चार मुद्दे कागदावर मागून घ्यावेत. ते मागण्यात परकेपणा नाही. लिहून ठेवलं की दोघांनाही एकमेकांशी बोलताना पैशांचा विषय टाळावा लागत नाही.